बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला ओपन सेल की क्लोज्ड सेल फोम?

«तासगावजवळ आमचं ४० बाय ३० फुटांचं गोदाम आहे. भिंती ९ इंची विटांच्या, वर गॅल्व्हनाइज्ड पत्रा. निम्म्या भागात ४ डिग्रीचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज करायचंय, उरलेल्या निम्म्यात ग्रेडिंग आणि त्यातच कोपऱ्यात छोटं ऑफिस. एक ठेकेदार म्हणतो ओपन सेल फोम मारा, स्वस्त पडतो आणि जाडी हवी तेवढी मिळते. दुसरा म्हणतो सगळीकडे क्लोज्ड सेलच. कुणाचं ऐकू?»

कोल्ड स्टोअरेजच्या भिंतींना क्लोज्ड सेल घ्या. ग्रेडिंगच्या पत्र्यालाही तोच, पण पत्रा आधी तपासून. ऑफिसच्या पार्टिशनमध्ये ओपन सेल चालेल, उलट तिथे तोच बरा. कोल्ड स्टोअरेजच्या छतावर मी फवारणीच करणार नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. मी गेली सतरा-अठरा वर्षं स्प्रे फोमची कामं करतोय, त्यातली निम्मी तरी कोल्ड रूमची. तुमच्या दोन्ही ठेकेदारांनी भाव आणि जाडी यावरच बोलणं ठेवलंय. तुमचा खरा प्रश्न पाण्याच्या वाफेचा आहे.

आधी दोघांतला फरक. दोन्ही फोम बनतात एकाच पद्धतीने. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, ज्याला साइटवर सगळे आयसो म्हणतात, आणि दुसऱ्यात पॉलिऑल. मशीन दोन्ही समप्रमाणात खेचतं, गरम होजमधून गनपर्यंत नेतं, गनच्या तोंडाशी ते मिसळतात आणि भिंतीवर पडताक्षणी फुगतात. ओपन सेल सुमारे शंभरपट फुगतो, क्लोज्ड सेल साधारण तीसपट. ओपन सेलचे बुडबुडे फुटून एकमेकांत उघडतात, म्हणून तो ब्रेडसारखा मऊ लागतो आणि त्याच्या आत साधी हवा असते. क्लोज्ड सेलमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त बुडबुडे बंद राहतात, आत फुगवणारा वायू अडकलेला असतो आणि नखाने दाबलं तर तो कडक लागतो. ओपन सेल घनमीटरला सुमारे ८ किलो भरतो, क्लोज्ड सेल ३२ किलोच्या पुढे. म्हणजे त्याच जागेत चौपट माल जातो, भावातला फरक बराचसा तिथूनच येतो.

आता उष्णता. क्लोज्ड सेलचा १०० मिमी थर जेवढी उष्णता अडवतो, तेवढीच अडवायला ओपन सेलचा सुमारे १५० मिमी थर लागतो. क्लोज्ड सेलमधला वायू काही वर्षांत हळूहळू बाहेर जातो आणि हवा आत येते, ती घसरण मी या हिशेबात धरली आहे. ताज्या फोमचा आकडा याहून चांगला दिसतो आणि कोटेशनमध्ये बहुधा तोच छापलेला असतो. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग १५० मिमी ओपन सेल मारू, तरी स्वस्तच पडेल. कोरड्या जागी हा हिशेब बरोबर आहे. कोल्ड स्टोअरेजमध्ये तो पहिल्या पावसाळ्यात मोडतो.

तासगावचा जुलै घ्या. बाहेर २६ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरू. त्या हवेतल्या वाफेचा दाब साधारण २.९ किलोपास्कल. आत ४ डिग्री आणि ६५ टक्क्यांना हाच दाब जेमतेम अर्धा किलोपास्कल. बाहेरची वाफ आतल्यापेक्षा पाच-साडेपाचपट दाबाने भिंतीतून आत शिरायला बघते. ही ओढ दिवसरात्र, कोल्ड रूम चालू असेपर्यंत थांबत नाही. त्या बाहेरच्या हवेचं दव पडायला सुमारे २३ डिग्री पुरे होतात. फोमच्या बाहेरच्या बाजूला २६ आणि आतल्या बाजूला ४ डिग्री असेल, तर १०० मिमी जाडीत तापमान सरळ रेषेत उतरतं, आणि २३ डिग्रीची जागा बाहेरच्या अंगापासून साधारण अर्ध्या इंचावर येते. ओपन सेलमधून वाफ सहज आरपार जाते. ती अर्धा इंच आत शिरली की पाणी होऊ लागते. त्यापुढची सगळी जाडी त्या पाण्याच्या ताब्यात जाते. जाडी वाढवून यातून सुटका नाही, कारण दव पडण्याची जागा फोमच्या पोटातच राहते.

विटांची भिंत वाफ थोडी अडवते, हे खरं. पण ती अडवते कमी, आणि पावसाने भिजली की स्वतःच ओल पुरवायला लागते. तुमची पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खात असेल तर तिच्याबद्दल हेच धरून चाला.

याचं एक उदाहरण मी स्वतः उघडून पाहिलंय. भाजीपाल्याची ३ डिग्रीची खोली होती, काम दुसऱ्या कुणी केलेलं. भिंतीवर १०० मिमी ओपन सेल आणि त्यावर आतून रंगीत पत्र्याचं अस्तर. मालकांची तक्रार एवढीच की पहिल्या उन्हाळ्यात कंप्रेसर मध्ये मध्ये विश्रांती घ्यायचा, आता पावसाळा संपत आला तरी जवळजवळ थांबतच नाही. फ्रीऑन कमी झालं असेल म्हणून गॅस दोनदा तपासून झाला होता. मी अस्तराच्या खालच्या कडेला स्क्रू ढिला केला आणि तिथून पाण्याची बारीक धार सुरू झाली. जमिनीपासून फूटभर उंचीवर सुरीने दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा कापला. कोरडा असता तर तो आठ-दहा ग्रॅम भरला असता. त्यांच्याच वजनकाट्यावर तो तीनशे ग्रॅमच्या आसपास भरला. हातात घेऊन दाबला की स्पंजसारखं पाणी गळायचं. वरच्या भागातला ठोकळा त्या मानाने हलका होता, पण कोरडा तोही नव्हता. अशा फोमला वाळवता येत नाही, कारण बाहेरून वाफ येतच राहते आणि आतून पत्र्याने वाट बंद केलेली असते. सगळा खरवडून काढावा लागला. विटांना चिकटलेला फोम काढायला मारण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

खोली उणे १८ किंवा २० डिग्रीची असेल तर याहून वाईट. आतल्या भागात पाण्याऐवजी बर्फ होतो, तो फुगतो, फोम भिंतीपासून सुटतो आणि अस्तर पोटासारखं पुढे येतं. तुमच्या ४ डिग्रीला बर्फाची भीती नाही, फक्त पाण्याची आहे. पण बेदाण्याला ओलसर हवा मानवत नाही, तो चिकट होतो आणि बुरशी धरतो. त्यामुळे तुमच्याकडे ओली भिंत म्हणजे विजेच्या बिलापुरतं प्रकरण राहत नाही.

इंटरनेटवर ओपन सेलची स्तुती वाचली असेल तर ती कुठली आहे हे बघा. बरीचशी अमेरिकेतल्या लाकडी घरांबद्दल असते. तिथे थंड भागात हिवाळ्यात घर आतून गरम असतं, वाफ आतून बाहेर जाते. आपल्या कोल्ड स्टोअरेजमध्ये दिशा बरोबर उलटी आणि ओढ बारा महिने एकाच बाजूने. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा उचलला की नेमकी गडबड होते.

आता तुमच्या भिंतींचं प्रत्यक्ष काम. वाफेला अडवणारा थर नेहमी गरम बाजूला हवा, म्हणजे कोल्ड स्टोअरेजमध्ये बाहेरच्या बाजूला. म्हणून पहिलं काम फोमचं नाहीच. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा भरा, त्यावर चांगलं वॉटरप्रूफ कोटिंग द्या, आणि पाया व भिंत जिथे मिळतात तिथून ओल वर चढत नाही ना ते बघा. मग आतून प्लास्टर कोरडं आहे याची खात्री करा. नवं प्लास्टर असेल तर त्याला महिनाभर तरी द्या. आयसोला पाणी भेटलं की तो पॉलिऑलला सोडून पाण्याशीच जुळतो, त्यातून वायू सुटतो आणि भिंतीलगत पोकळ, ठिसूळ थर तयार होतो. वरून फोम छान दिसतो आणि सहा महिन्यांनी टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. प्लास्टर कोरडं आहे का हे बघायला मी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर भिंतीवर ठेवतो. सकाळी आतून धुरकट दिसला तर त्या दिवशी मशीन उतरवत नाही.

भिंतीला १०० मिमी क्लोज्ड सेल, पण एका दमात नाही. २५ ते ४० मिमीचे तीन-चार थर. फोम तयार होताना स्वतः तापतो. जाड थर एकदम मारला तर पोटातली उष्णता बाहेर पडत नाही, आतला भाग करपतो, तपकिरी होतो, क्वचित पेटही घेतो. घाईत काम करणारा माणूस नेमकी इथे चूक करतो, कारण जाड थर मारला की दिवसाचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. आधीच्या थराची गरमी उतरली की पुढचा, असं लिहूनच घ्या. एवढ्या जाडीचा नीट मारलेला क्लोज्ड सेल वाफेला स्वतःच बऱ्यापैकी रोखतो, म्हणून विटांच्या भिंतीवर तो मला पटतो. तो सांधे सोडत नाही, कोपऱ्यात आणि खिळ्याच्या डोक्याभोवतीही सलग बसतो.

मालाचा हिशेब तुम्ही स्वतः मांडून बघा, ठेकेदाराशी बोलायला उपयोगी पडेल. तुमचा कोल्ड स्टोअरेजचा भाग २० बाय ३० फूट धरतो, उंची १२ फूट. परीघ १०० फूट, म्हणजे भिंती १२०० चौरस फूट, साधारण १११ चौरस मीटर. १०० मिमी जाडीने ११.१ घनमीटर फोम. वरची कडक साल धरून प्रत्यक्ष बसलेला फोम घनमीटरला सुमारे ३८ किलो धरू. ४२० किलोच्या आसपास झाले. उडून जाणारा आणि छाटणीचा माल दहा टक्के धरला तर ४६५ किलो. दरवाजाची जागा वजा करा, पण प्लास्टरच्या उंचसखलपणात तेवढा माल जातोच. आता साइटवर आयसो आणि पॉलिऑल मिळून ३०० किलोच उतरले आणि काम पूर्ण झालं असं सांगितलं, तर एक तर जाडी कमी आहे किंवा घनता. रिकाम्या ड्रमची वजनं करा. एवढं करणारा मालक मला आवडतो, आणि चांगल्या ठेकेदाराची त्याला हरकत नसते.

घनता तपासायचा रस्ता वर आलाच आहे. भिंतीच्या नको त्या कोपऱ्यातून दहा सेंटिमीटरचा ठोकळा कापा, वरची साल आणि भिंतीकडचा थर छाटून मधला भाग घ्या, मोजा, वजन करा. बरोबर दहा सेंटिमीटरचा घन म्हणजे एक लिटर, तो ३२ ते ३६ ग्रॅम भरला पाहिजे. २५ भरला तर विचारा का. तो ठोकळा बादलीत दाबून धरा आणि सोडा. क्लोज्ड सेल उसळी मारून वर येतो आणि पुसला की जवळजवळ तेवढाच भरतो. कापलेल्या अंगावर बारीक, सारखे दाणे हवेत. मध्ये करपलेली तपकिरी रेघ दिसली तर थर जाड पडलाय. बोटाने चुरा होत असेल तर आयसो जास्त गेलाय. मऊ, चिकट लागत असेल आणि मासळीसारखा वास येत असेल तर पॉलिऑल जास्त गेलाय. असा भाग नंतर सुधारत नाही, तो कापून काढून पुन्हा मारावा लागतो. वास रंगाखाली दबेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बेदाणा वास ओढतो.

छताकडे येतो. कोल्ड स्टोअरेजच्या भागात पत्र्याच्या खालून फवारणी करू नका असं मी म्हणतो, त्याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही तुमच्या गोदामाशी निगडित आहेत. एप्रिलच्या दुपारी पत्रा ६० ते ६५ डिग्रीपर्यंत तापतो. आत ४ डिग्री. म्हणजे फोमच्या दोन अंगांत साठ डिग्रीचा फरक, भिंतीला असतो त्याच्या दुपटीच्या आसपास. दुसरं, पत्रा दिवसभरात ताणतो आणि आकसतो, आणि पत्र्याच्या जोडावर फोमला केसासारखी चीर पडायला तेवढं पुरतं. त्या चिरेतून ओली हवा सरळ आत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या छताला पर्लिन आणि ट्रस आहेत. फोम त्यांच्या मधल्या जागेत बसतो आणि लोखंड त्यातून आरपार राहतं. लोखंड उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त सहज वाहून नेतं. मग सगळं छत कोरडं आणि ट्रसच्या रांगेत थेंबांच्या माळा, असं चित्र दिसतं. ट्रस पूर्ण फोममध्ये गुंडाळता येतो, पण माल इतका जातो की स्वस्ताई उरत नाही.

त्यापेक्षा १२ फुटांवर १०० मिमीचं तयार पफ पॅनेलचं सपाट छत टाका. ते वरच्या ट्रसला टांगा, टांगण्याच्या सळईला प्लास्टिकचा तुकडा मध्ये घालून धातूचा संबंध तोडा. पॅनेलच्या आणि पत्र्याच्या मध्ये जी पोकळी उरते ती दोन्ही टोकांनी जाळी लावून हवेशीर ठेवा. पत्र्याखालची गरम हवा बाहेर गेली की छताला ६५ ऐवजी ४०-४२ डिग्री सोसावे लागतात. तेवढ्याने छतातून येणारी उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होते. भिंतीचा स्प्रे फोम आणि पॅनेल जिथे मिळतात तिथे सलग चारही बाजूंनी क्लोज्ड सेल मारून सांधा बंद करा. स्प्रे आणि पॅनेल यांची जोडी मी तुमच्यासारख्या जुन्या बांधकामात बऱ्याचदा वापरतो. खोली नवी आणि चौकोनी असेल, तर मी स्वतःच सांगतो की पूर्ण पॅनेलचाच डबा करा, मला बोलावू नका.

जमिनीबद्दल थोडक्यात. तिथे फवारणी नको. फोमच्या तयार लाद्या दोन थरांत सांधे चुकवून घाला, खाली वाफेसाठी जाड प्लास्टिक, वर काँक्रीट. पण भिंतीचा फोम खाली त्या लाद्यांना भिडला पाहिजे. भिंतीच्या बुडाशी चार इंच विटा उघड्या राहिल्या तर खोलीभर तिथे ओलसर पट्टा दिसेल.

ग्रेडिंगच्या भागाचा प्रश्न वेगळा. तिथे गारवा धरून ठेवायचा नाहीये. तापलेल्या पत्र्याची धग खाली बसलेल्या बायकांच्या डोक्यावर येते, ती कमी करायची आहे. ४० मिमी क्लोज्ड सेलने दुपारचा फरक हात वर करून कळतो, इतका पडतो. इथेही ओपन सेल का नको, तर हिवाळ्याच्या रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेहून गार होतो आणि पहाटे त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं. ओपन सेल त्या दवाला आडवा येत नाही, ओली हवा त्यातून वर जाते, पाणी पत्रा आणि फोमच्या मध्ये साठतं, पत्रा गंजतो आणि फोम सुटतो. पावसाची एखादी गळती असेल तर तो पाणी पिऊन जड होतो आणि तुकडे पडतात.

क्लोज्ड सेलचा तोटाही सांगायला हवा. एकदा तो पत्र्याला चिकटला की त्या पत्र्याची गळती दिसत नाही. पाणी फोमवरून कुठल्या कुठे जाऊन टपकतं आणि वरून पत्रा आतून गंजत राहतो. पुढे पत्रा बदलायचा तर फोम पत्र्याबरोबर जातो. म्हणून पत्रा किती जुना आहे यावर इथलं उत्तर अवलंबून आहे. पंधरा वर्षांच्या पुढचा असेल, स्क्रूभोवती तांबूस कडी दिसत असतील, तर आधी पत्रा बदला. बजेट तेवढं नसेल तर पत्र्याला बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या आणि माथ्यावर व्हेंटिलेटर बसवा, फोम पुढच्या वर्षी. नवा पत्रा असेल तर त्याच्यावर कारखान्यातला तेलाचा पातळ थर असतो. तो साबणाने धुऊन, प्रायमर मारल्याशिवाय फवारणी करू देऊ नका. पत्रा गार असताना, सकाळीच काम धरतात, पण पहाटेचं दव उडाल्यावर. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या तीन डिग्री तरी वर हवं, यासाठी साधा हाताचा थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र पुरतं. नंतर चिकटलाय का हे बघायला हातभर चौकोनाला तीन बाजूंनी काप द्या आणि ओढा. फोम स्वतः फाटला तर काम चांगलं. पत्र्यापासून सालीसारखा अख्खा निघून आला तर नाही.

सिमेंटच्या स्लॅबच्या गच्चीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ऑफिस पुढे वर न्यायचं झालं तर प्रश्न येईल. गच्चीवर बाहेरून मारायचा फोम क्लोज्ड सेलच, आणि तोही भिंतीपेक्षा जड, ४० किलोच्या पुढचा, कारण त्यावरून माणसं चालणार. ऊन लागलं की कुठलाही फोम आधी तांबूस आणि मग भुकटी होतो, म्हणून दोन-तीन दिवसांत त्यावर कोटिंग किंवा जाळी घालून कोबा हवाच.

ऑफिस. ते कंप्रेसरच्या खोलीला लागून असेल, म्हणून आवाजाचा त्रास होणार. जिप्समच्या पार्टिशनमध्ये, दोन्ही बोर्डांच्या पोकळीत ओपन सेल मारा. तो मऊ असल्यामुळे आवाज गिळतो. क्लोज्ड सेल कडक असल्याने आवाजाच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच तापमान असतं, त्यामुळे वाफेची ओढ जवळजवळ नसते आणि ओपन सेलचा दोष तिथे आडवा येत नाही. मात्र हे पार्टिशन कोल्ड स्टोअरेजच्या भिंतीला चिकटून नको, मध्ये विटांची भिंत आणि तिच्यावरचा क्लोज्ड सेल राहिला पाहिजे. ओपन सेल पोकळी भरून बाहेर फुगतो, तो करवतीच्या पात्याने बोर्डच्या रेषेत छाटतात. माझ्याकडे ओपन सेलचं काम दहात एखादं येतं आणि ते बहुधा असंच असतं, बैठकीची खोली नाहीतर रेकॉर्डिंगची.

आगीचं बोलल्याशिवाय हे उत्तर मला पाठवता येणार नाही. दोन्ही फोम जळतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. आग लवकर न पकडणारा म्हणून विकला जाणारा मालही मोठ्या ज्वाळेत जळतोच. दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात जानेवारी २००८ मध्ये बांधकाम चालू असलेल्या कोल्ड स्टोअरेजला आग लागून ४० कामगार गेले, आणि एप्रिल २०२० मध्ये त्याच शहरात बांधकामाच्याच गोदामात ३८ गेले. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोमचं काम झालं होतं. आपल्या साइटवर होणारी चूक ओळखीची आहे: फोम मारून झाला, आणि मग फॅब्रिकेटरला आठवतं की इव्हॅपोरेटरची ब्रॅकेट वेल्ड करायची राहिली. म्हणून क्रम पक्का करा. सगळं वेल्डिंग, पाइप, केबलचे होल आधी, फोम नंतर. फोम झाल्यावर त्या खोलीत वेल्डिंग, ग्राइंडर, विडी काहीही नाही. आणि भिंतीवरचा फोम उघडा ठेवू नका, कोंबडीच्या जाळीवर सिमेंट प्लास्टर किंवा पत्र्याचं अस्तर द्या. आतलं अस्तर बाहेरच्या कोटिंगपेक्षा जास्त घट्ट हवाबंद करायचा अट्टहास नको, चुकून आत शिरलेल्या ओलीला खोलीकडे निघून जायला वाट राहू द्या. ती शेवटी कॉइलवर जाऊन गळते.

फवारणी चालू असताना आयसोची वाफ श्वासात जाऊन दमा जडतो, आणि तो एकदा जडला की त्या माणसाला पुन्हा या कामावर उभं राहता येत नाही. गन धरणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून हवा पुरवणारा मास्क आहे का ते बघा. तुमची माणसं आणि घरचे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आत जाऊ नयेत.

दोन गोष्टी ठेकेदाराला विचारा. मालात फुगवणारा वायू कोणता आहे, हे त्याच्याकडून मालाच्या कागदासह घ्या. पूर्वी सर्रास वापरला जाणारा एचसीएफसी-१४१बी ओझोनच्या थराला घातक म्हणून भारतात १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद झाली. त्यानंतर वेगवेगळे पर्याय आले आणि सगळ्यांची उष्णता अडवण्याची ताकद सारखी नाही. नुसत्या पाण्याने फुगवलेला क्लोज्ड सेल असेल तर १०० मिमीऐवजी जास्त जाडी धरावी लागते. दुसरं, जाडी ‘सरासरी’ नको, ‘कमीत कमी’ असं लिहून घ्या. मग मिमीच्या खुणा केलेली बारीक सुई घेऊन दर दोन मीटरवर टोचून बघा, विशेषतः कोपऱ्यात आणि जमिनीलगत, कारण तिथे गन वाकवावी लागते आणि थर पातळ पडतो.

वेळेचं म्हणाल तर तुमचा बेदाणा मार्चपासून येणार. आत्ताच बाहेरचं कोटिंग आणि प्लास्टरची डागडुजी घ्या, डिसेंबरअखेर वेल्डिंग आणि पाइप, जानेवारीत फोम. जानेवारीत सकाळी नऊ-साडेनऊच्या आधी सुरुवात करू देऊ नका, पत्र्यावर ओल असते. मशीन आल्यावर पहिला फवारा भिंतीवर नको, पुठ्ठ्यावर मारायला सांगा आणि दहा मिनिटांनी तो कापून माझ्या वरच्या खुणांशी ताडून बघा. पश्चिमेच्या भिंतीचा आणि पत्र्याच्या स्क्रूंचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात, तर पत्रा ठेवायचा की बदलायचा ते मी बघून सांगतो.